ओटीपी दिला नाही, तरी पैसे गेले

«फोंड्यातल्या 48 फ्लॅटच्या सोसायटीचा मी सचिव. येत्या रविवारच्या सर्वसाधारण सभेत फसवणुकीच्या प्रकारांवर वीस मिनिटं बोलायचं काम माझ्याकडे आलंय. मी चौदा प्रकार जमवून स्लाइड्स केल्यात. निमित्त असं, की तीन आठवड्यांपूर्वी सी विंगमधल्या एका वहिनींच्या नंबरवरून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वीज बिलाची म्हणून एक फाइल आली. दोघांनी ती उघडली. त्यातल्या एका निवृत्त गृहस्थांचे 63,000 रुपये गेले. ते शपथेवर सांगतात की ओटीपी कुणाला दिला नाही, पण लोकांना ते पटत नाही. वहिनी तेव्हापासून खाली यायच्या बंद झाल्यात. त्यांना ग्रुपमधून काढा, असं काही जण म्हणतात. अध्यक्ष म्हणतात, भाषण राहू द्या, दुसरा वॉचमन आणि चार कॅमेरे घेऊया. मी काय बोलू? आणि वहिनींचा विषय कसा काढू?»
— एक सचिव, फोंडा

सचिवसाहेब,

भाषणाचं मागाहून बघू. रविवारची वाट न बघता आजच एक गोष्ट विचारून या: वहिनींचा आणि फाइल उघडणाऱ्या त्या दोघांचा, असे तिन्ही फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू केले का? तुमच्या पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही, आणि माझा अनुभव असा की बहुतेक घरांत हे राहून जातं. बँकेत तक्रार होते, कार्ड बंद होतं, पासवर्ड बदलला जातो आणि फाइल मात्र फोनमध्ये तशीच बसून राहते. नवं कार्ड आलं की त्याचाही ओटीपी ती वाचते. तिन्ही फोन साफ होईपर्यंत तुमच्या सोसायटीतला हा प्रकार संपलेला नाही, असंच धरून चाला.

आता त्या निवृत्त गृहस्थांबद्दल. ते खरं बोलतायत.

मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची काही काउंटरच्या पलीकडे तक्रारी ऐकण्यात. आमच्या शाखेत एक निवृत्त शिक्षक आले होते. फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, ‘बघा, एसएमएस उघडून बघा, ओटीपी आलेलाच नाही तर देणार कुणाला?’ मी बघितलं. खरंच नव्हता. तेव्हा मलाही वाटलं की मास्तरांनी घाबरून मेसेज पुसले असावेत. मी मान डोलावली आणि मनात त्यांना खोटं ठरवून मोकळा झालो. पुढे या फाइली कशा चालतात ते समजलं, तेव्हा ती मान डोलावल्याची आठवण फार बोचली. म्हणून तुमच्या सभेत ‘ओटीपी कुणाला देऊ नका’ हे वाक्य मोठ्या अक्षरात लावणार असाल तर आधी थांबा. वाक्य चुकीचं नाही, अपुरं आहे. ते पाळणारा माणूस निर्धास्त होतो, आणि हा नवा चोर नेमका त्या निर्धास्तपणावर जगतो.

तुमच्या चौदा स्लाइड्स बाजूला ठेवा, असं मी सुचवेन. वीस मिनिटांत चौदा प्रकार म्हणजे प्रत्येकाला दीड मिनिटही नाही. लोक घरी जाताना ‘बापरे, काय काय चालतं’ एवढंच घेऊन जातात. शिवाय यादीचा एक छुपा तोटा असतो: पंधरावा प्रकार समोर आला की माणूस म्हणतो, हे तर यादीत नव्हतं. त्यापेक्षा तुमच्याच इमारतीत घडलेला एक प्रकार शेवटपर्यंत उलगडून सांगा. तो कसा घडला असणार, ते मी इथे सविस्तर लिहितो. तपशील थोडे इकडेतिकडे असतील, पण सांगाडा हाच.

संध्याकाळी साधारण साडेसातला अनोळखी नंबरवरून मेसेज येतो: मागचं बिल सिस्टीममध्ये अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, ताबडतोब अधिकाऱ्याशी संपर्क करा. वेळ मुद्दाम निवडलेली असते. वीज खात्याचं कार्यालय बंद झालेलं, मुलगा बोटीवर किंवा गल्फमध्ये, घरात एकटं माणूस. आपल्याकडे तर पहिल्या पावसापासून चवथीपर्यंत लाइट इतक्या वेळा जाते की ‘वीज तोडणार’ या शब्दांवर अविश्वास ठेवायला कारणच नसतं. वहिनी त्या नंबरवर फोन करतात. पलीकडचा माणूस अदबीने बोलतो, बिलावरचा सीए नंबर विचारतो, टाइप करत असल्याचा आवाज येतो आणि तो म्हणतो, ‘हो मॅडम, बिल भरलेलं दिसतंय, फक्त अपडेट नाही. फाइल पाठवतो, त्यात बारा रुपये भरा की होऊन जाईल.’

इथे सभेत एक मिनिट थांबा आणि कायदा सांगा, कारण तो अगदी सोपा आहे. विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 56 नुसार थकबाकीसाठी वीज तोडायची तर ग्राहकाला किमान पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ‘आज रात्री साडेनऊला’ असलं काही त्यात बसत नाही. शंका आलीच तर वीज खात्याच्या 1912 वर विचारायचं, किंवा हातातल्या कागदी बिलावर छापलेल्या क्रमांकावर. मेसेजमध्ये आलेल्या नंबरवर फोन करून मेसेज खरा आहे का ते विचारणं म्हणजे चोरालाच साक्षीला बोलावणं.

मग फाइल येते. नाव असतं `Electricity_Bill_Update.apk` किंवा तसलंच काही. आजकाल आरटीओचं चलान, लग्नाची पत्रिका, बँकेचं केवायसी, कुठल्याही नावाने ती येते. बिल किंवा पत्रिका असेल तर शेपटीला `.pdf` असतं किंवा ते साधं चित्र असतं. `.apk` म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये बसवायचं ॲप. वीज खातं, आरटीओ, बँक यांच्यापैकी कुणीही ॲप व्हॉट्सॲपवर पाठवत नाही. पत्रिकेला तर ॲपची गरजच काय? मी बायकोला हे असं सांगितलंय: नाव कितीही सभ्य असो, शेपूट बघ.

फाइलवर बोट ठेवलं की अँड्रॉइड स्वतः अडवतो. या ठिकाणाहून अनोळखी ॲप बसवायची परवानगी नाही, असं तो सांगतो आणि खाली `Settings` चं बटण देतो. फोनवरचा माणूस हसत म्हणतो, ‘ते नेहमीचंच आहे मॅडम, परवानगी द्या.’ कधी तो असली ॲप अडवणारं `Play Protect` बंद करायलाही सांगतो. त्यानंतर ॲप विचारतं: `Allow … to send and view SMS messages?` वीज बिलाच्या ॲपला तुमचे एसएमएस कशाला वाचायचे आहेत? खरी चोरी या एका बोटाने होते. बाकीचा सगळा तमाशा या बोटापर्यंत न्यायचा असतो.

पुढे बारा रुपयांचा फॉर्म उघडतो. त्यात नाव, मोबाइल, कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे असं सगळं लिहायचं असतं. भरलं की ‘सर्व्हर बिझी, चोवीस तासांनी पाहा’ असं उत्तर येतं आणि थोड्या वेळाने ॲपचं चिन्ह पडद्यावरून नाहीसं होतं. वहिनींना वाटतं, फाइल बिघडलेली होती, सुटलो. प्रत्यक्षात फॉर्ममध्ये लिहिलेलं सगळं चोराकडे पोचलेलं असतं आणि येणारा प्रत्येक एसएमएस आता दोन जणांना मिळतो. काही ॲप तर मेसेज मालकाला दिसूच देत नाहीत. म्हणून मास्तरांच्या फोनमध्ये ओटीपी नव्हता, आणि म्हणूनच तुमचे निवृत्त गृहस्थ शपथ घेऊ शकतात. कुणी त्यांना विचारलाच नव्हता, तर ते देणार कुठून?

आणि ग्रुपवर फाइल कशी आली? वहिनींनी ती पाठवलेली नसावी. चोराने आपल्या फोनवर व्हॉट्सॲप उघडलं, वहिनींचा नंबर टाकला. व्हॉट्सॲपने खात्री करण्यासाठी सहा आकडी कोड एसएमएसने वहिनींच्या फोनवर पाठवला. तो ॲपने वाचला आणि पुढे ढकलला. बस, वहिनींचं व्हॉट्सॲप आता त्याच्या हातात. त्याने तीच फाइल त्यांच्या सगळ्या ग्रुपवर टाकली: माहेरचा, भजनी मंडळाचा, सोसायटीचा. अनोळखी नंबरवरून आली असती तर तुमच्या गृहस्थांनी ती उघडली नसती. सी विंगमधल्या वहिनींनी वीज बिलाचं काही पाठवलंय म्हटल्यावर उघडली. ही चोरी शेजारपणाच्या वाटेने आली, म्हणून हा विषय सोसायटीच्या सभेचा आहे. एका फ्लॅटचा फोन उघडा राहिला की 48 फ्लॅटचं दार उघडं राहतं.

एवढं सांगायला आठ-दहा मिनिटं पुरतील. उरलेल्या वेळात बोलू नका, करून घ्या. सभेत सगळ्यांना फोन बाहेर काढायला सांगा. एरवी सभेत फोन बघणाऱ्यांवर आपण डोळे वटारतो, या वेळी उलट. दोन तरुण पोरांना रांगांतून फिरू द्या आणि प्रत्येक फोनवर दोनच कामं करा.

पहिलं, अँड्रॉइड फोनमध्ये `Settings`, मग `Apps`, मग `Special app access`, मग `Install unknown apps`. फोनच्या कंपनीप्रमाणे वाट थोडी वेगळी असते. `Settings` च्या शोधपट्टीत `unknown` एवढं लिहिलं तरी बहुधा सापडतं. तिथे व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर अशी यादी दिसेल. प्रत्येकापुढे परवानगी बंद हवी. कुणाच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपपुढे ती चालू दिसली, तर त्या माणसाने कधीतरी अशी फाइल बसवायचा प्रयत्न केलाय, हे समजा. त्याला सभेत टोकू नका, सभा संपल्यावर बाजूला घेऊन तो फोन नीट बघा. ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांच्यात `.apk` बसतच नाही, पण दुसरं काम त्यांनाही लागू आहे.

दुसरं, व्हॉट्सॲपच्या `Settings` मध्ये `Account` आणि तिथे `Two-step verification`. स्वतःच्या मनातला सहा आकडी पिन ठेवायचा, जन्मतारीख सोडून. हा पिन एसएमएसने येत नाही, त्यामुळे एसएमएस वाचणाऱ्याला तो मिळत नाही. वहिनींच्या व्हॉट्सॲपला हा पिन असता, तर कार्डाचे पैसे कदाचित गेले असते, पण फाइल तुमच्या ग्रुपपर्यंत पोचायची शक्यता फार कमी होती. म्हणून याला मी सार्वजनिक खबरदारी म्हणतो: तुम्ही ठेवलेल्या पिनाचा फायदा शेजाऱ्याला होतो. आजीआजोबांनी पिन कागदावर लिहून कपाटात ठेवला तरी चालेल. चोर रांचीत बसलेला असो की रशियात, त्याला तुमचं कपाट उघडता येत नाही.

एक भीती मात्र सभेत काढून टाका. ग्रुपवर फाइल आली, फोनने ती आपोआप उतरवून घेतली, एवढ्याने काही होत नाही. ती उघडून बसवली आणि परवानगी दिली, तरच ती चालते. ज्यांच्या फोनमध्ये ती अजून नुसतीच पडून आहे त्यांनी डाउनलोडच्या फोल्डरमधून पुसावी, म्हणजे नातवंडाचं बोट चुकून पडायला नको.

आता फाइल बसवलीच गेली तर काय करायचं. इथे मी क्रम सांगतो, कारण घाबरलेला माणूस क्रम उलटा करतो. आधी फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा. नुसतं वायफाय बंद करून भागत नाही, कारण काही ॲप एसएमएसनेही मेसेज पुढे पाठवतात. मग त्या फोनवरून काहीही न करता शेजारचं दार वाजवायचं आणि शेजाऱ्याच्या फोनवरून आधी बँकेच्या चोवीस तासांच्या नंबरवर कार्ड, यूपीआय आणि नेटबँकिंग बंद करायला सांगायचं. पैसे गेले असतील तर लगेच 1930, ही सायबर फसवणुकीच्या तक्रारीची सरकारी हेल्पलाइन. सिम काढून जुन्या साध्या बटणाच्या फोनमध्ये घालता आलं तर फार उत्तम. मग येणारे ओटीपी आणि बँकेचे मेसेज तिथे सुरक्षित दिसतात, आणि त्याच सिमवरून स्वच्छ फोनवर व्हॉट्सॲप पुन्हा चालू केलं की चोर तिथून बाहेर फेकला जातो. चोराने स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला आत जायला सात दिवस थांबावं लागेल, पण सहा आकडी कोड टाकल्या क्षणी तो मात्र बाहेर जातो. एवढं कळलं तरी जीव थोडा खाली पडतो.

1930 वर काय विचारतात ते आधी माहीत असलं तर वेळ वाचतो: बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयचा व्यवहार क्रमांक बारा आकडी असतो, तो बँकेच्या मेसेजमध्ये किंवा खातेउताऱ्यात सापडतो. तक्रारीचा पोचक्रमांक मिळतो, मग cybercrime.gov.in वर बाकीचा तपशील आणि पुरावे भरायचे. गोव्यात सायबर गुन्ह्यांचं पोलीस ठाणं रायबंदरला आहे, जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. फोन पुसण्याआधी दुसऱ्या फोनने मेसेजचा, नंबरचा आणि ॲपच्या नावाचा फोटो काढून ठेवा. ॲपचं चिन्ह दिसत नसलं तरी `Settings` मधल्या `Apps` च्या यादीत ते सापडतं, कधी कोऱ्या नावाने. फोटो, कागदपत्रं बाहेर काढून घेतली की मग `Factory reset`.

1930 ची एवढी घाई का, हेही सांगा, नाहीतर लोक सकाळी उठून फोन करतात. चोरलेले पैसे थेट चोराच्या खात्यात जात नाहीत. ते आधी भाड्याने घेतलेल्या कुणाच्यातरी खात्यात, तिथून चार खात्यांत, तिथून आणखी पुढे असे पळत असतात. 1930 वर तक्रार नोंदली की ती त्या त्या बँकेकडे जाते आणि जिथे पैसे सापडतील तिथे ते गोठवले जातात. गोठवले म्हणजे लगेच परत मिळाले असं नाही, त्याला पुढे वेळ लागतो. पण एटीएममधून नोटा निघाल्या की गोठवायला काही उरत नाही. तुमच्या गृहस्थांनी किती वेळाने फोन केला, ते विचारून बघा. तासाभरात केला असेल तर काही रक्कम कुठेतरी थांबलेली असू शकते, पाठपुरावा सोडू नये.

बँकेलाही लेखी कळवायचं, पोच घ्यायची. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकात असं आहे की बँकेची चूक नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा अनधिकृत व्यवहारात तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा पडत नाही. ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरला तर कळवण्यापूर्वीचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतरचं बँकेचं. बँका ‘फाइल तुम्हीच बसवली’ म्हणून निष्काळजीपणाकडे बोट दाखवतात, हे मी त्या बाजूला बसून पाहिलंय. तरीही कळवल्याची वेळ कागदावर असणं तुमच्या बाजूचं असतं. म्हणून तोंडी सांगून घरी जाऊ नये.

माझ्या जुन्या धंद्यातली आणखी एक गोष्ट. निवृत्तीचे सगळे पैसे फोनला जोडलेल्या एकाच खात्यात ठेवण्याची आपल्याला सवय लागलीय. चोर आत शिरला की तो बचत खात्यावर थांबत नाही, ऑनलाइन मुदतठेव मोडतो. ज्येष्ठांनी शाखेत जाऊन रोजची यूपीआयची आणि हस्तांतराची मर्यादा कमी करून घ्यावी, घरखर्चाचं खातं वेगळं करून तेवढंच फोनला जोडावं आणि ठेवींच्या खात्याचं नेटबँकिंग बंद ठेवावं किंवा फक्त बघण्यापुरतं ठेवावं. याला एक फेरी आणि दोन सह्या लागतात. फसवणूक शंभर टक्के टळते असं नाही, पण 63,000 च्या जागी सहा हजार जातात.

आता सोसायटीने मिळून काय करायचं. माझ्या मते दोन-तीन ठराव पुरेत, जास्त केले की कुणी पाळत नाही. ग्रुपवर पैशाची लिंक, क्यूआर किंवा `.apk` टाकायची नाही, टाकली तर ॲडमिनने न विचारता काढायची. ॲडमिन दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांसाठी पुसू शकतो, पण त्यासाठी तो जागा हवा. म्हणून प्रत्येक विंगला एक ॲडमिन ठेवा, त्यात एखादा रात्री उशिरापर्यंत जागणारा पोरगा असू द्या. काही सोसायट्या ग्रुप फक्त ॲडमिनपुरता करतात. मला ते तितकंसं पटत नाही. नारळ पाडणारा आलाय का, पाण्याचा टँकर कधी, हे विचारायची जागा गेली की लोक दुसरा ग्रुप काढतात आणि तिथे कुणाचंच लक्ष नसतं. शिवाय ॲडमिनचाच फोन गेला तर? त्याच्या नावाने आलेली फाइल लोक डोळे झाकून उघडतील. सूचनांचा वेगळा आणि गप्पांचा वेगळा ग्रुप ठेवला तर चालेल.

दुसरा ठराव सोसायटीच्याच पैशांचा. देखभालीचे पैसे भरायचा खाते क्रमांक सूचनाफलकावर आणि छापील बिलावर असेल, आणि तो कधीही मेसेजवरून बदलणार नाही, असं लिहून टाका. ‘खातं बदललंय, या क्यूआरवर भरा’ असा मेसेज खजिनदारांच्या नंबरवरून आला तरी कुणी भरायचं नाही, इंटरकॉमवर विचारायचं. खजिनदारांना वाईट वाटू नये म्हणून हा ठराव त्यांनीच मांडला तर बरं. सोसायटीच्या नेटबँकिंगला दोघांची मंजुरी लागते का, तेही बघून घ्या. एकाच्याच फोनवर ते चालत असेल तर तुमचा राखीव निधी त्या एका फोनच्या भरवशावर आहे.

आणि लिफ्टमध्ये एक कागद: 1930, 1912, ‘आधी फोन एअरप्लेन मोडवर’, आणि प्रत्येक विंगमधल्या दोन घरांचे नंबर, ज्यांचं दार रात्री अकरालाही वाजवलं तर चालेल. ही घरं आधी विचारून ठरवा. एकट्या राहणाऱ्या बाईला रात्री कुणाचं दार वाजवायचं हे ठाऊक असेल, तर फोनवरच्या साहेबाची पकड सैल होते. ‘कुणाला सांगू नका, फोन ठेवू नका’ असं तो उगीच म्हणत नाही. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या गणवेशात येऊन ‘डिजिटल अटक’ करणारेही हेच म्हणतात. तसली अटक आपल्या कायद्यात नाही, एवढं एक वाक्य त्याच कागदावर लिहा.

अध्यक्षांचा वॉचमन मी अगदीच मोडीत काढणार नाही. दागिने चकचकीत करून देतो म्हणून येणारे आणि सोनं उतरवून नेणारे अजून फिरतात. त्यांना फाटकावर अडवायला माणूस उपयोगी पडतो. पण 63,000 रुपये फाटकातून गेले नव्हते, आणि चार कॅमेरे लावले असते तर त्यांत फक्त मांजर दिसलं असतं. तो खर्चाचा विषय वेगळा ठेवा, या विषयाच्या पोटात घुसवू नका.

राहिल्या वहिनी. त्यांना ग्रुपमधून काढायची मागणी ज्यांनी केलीय त्यांना विचारा, उद्या तुमचा नंबर पळवला तर तुम्हालाही काढायचं का? नाव न घेता विषय मांडता येईल, पण 48 फ्लॅटच्या इमारतीत नाव न घेतल्याने लपत काहीच नाही. उलट सगळे त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतात. म्हणून आज फोनचं विचारायला जाल तेव्हाच तुम्ही आणि तुमच्या घरचं कुणी, दोघे मिळून त्यांच्याकडे जा. भाषणाबद्दल नंतर बोला, आधी फोन मागा आणि तो साफ झालाय का ते बघा. बघता बघता वर लिहिलंय ते सांगा, की फाइल त्यांनी पाठवली नाही, त्यांच्या नंबराची चोरी झाली. माझा अंदाज आहे की हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. तीन आठवडे त्या बाई शेजाऱ्याचे पैसे आपण घालवले असं समजून घरात बसल्या असणार.

त्यानंतर विचारा, सभेत येणार का. ‘नाही’ म्हणाल्या तर आग्रह नको, नाव न घेता बोला. ‘हो’ म्हणाल्या तर त्यांना भाषण करायला लावू नका, फक्त तो मेसेज त्यांनी वाचून दाखवावा, रात्री साडेनऊचा. निवृत्त गृहस्थांनाही आधी सांगून ठेवा आणि त्यांच्या शेजारची खुर्ची वहिनींसाठी ठेवा. ते राजी झाले तरच.